ऑडिओबुक आणि ई-बुक वर्गणी : क्रेडिट, शिल्लक आणि मालकीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मासिक क्रेडिट म्हणजे नेमके काय मिळते?

क्रेडिट म्हणजे वर्गणीच्या बदल्यात दरमहा खात्यावर जमा होणारा, एक पुस्तक निवडण्याचा हक्क होय. त्याच्यावर रुपयांतील किंमत छापलेली नसते आणि त्याचे सुटे होत नाहीत. पुस्तक तीन तासांचे असो वा चाळीस तासांचे, छापील किंमत दीडशे रुपये असो वा हजार रुपये, एका क्रेडिटमध्ये एकच पुस्तक येते. ही पद्धत मुख्यतः ऑडिबलने रुळवली. ही अमेरिकी कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली, २००८ मध्ये अ‍ॅमेझॉनने ती विकत घेतली आणि २०१८ च्या अखेरीस तिची स्वतंत्र भारतीय सेवा सुरू झाली. भारतात तिच्या सदस्यत्वाचा दर महिना १९९ रुपये आणि महिन्याला एक क्रेडिट असा राहिला आहे. दर आणि सवलती अधूनमधून बदलतात, त्यामुळे पुढील उदाहरणांत हा आकडा केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतला आहे.

पुष्कळ जण ‘१९९ रुपयांत महिनाभर ऐका’ अशा समजुतीने सभासद होतात आणि गैरसमजाची सुरुवात तिथेच होते. क्रेडिटच्या वर्गणीत आपण ऐकण्याच्या वेळेचे पैसे भरत नसून पुढे कधीतरी निवडायच्या पुस्तकाचे पैसे आगाऊ भरत असतो. निवड केलीच नाही, तर पैसे गेलेले असतात आणि हातात काहीच आलेले नसते.

सगळ्याच सेवांमध्ये क्रेडिट असते का?

नाही. स्वीडनमध्ये सुरू झालेली आणि २०१७ पासून भारतात मराठी ऑडिओबुके देणारी स्टोरीटेल ही सेवा, तसेच किंडल अनलिमिटेड, या दोन्ही येथे वाचनालयाच्या पद्धतीने चालतात. वर्गणी चालू आहे तोवर संग्रहातील काहीही ऐकावे किंवा वाचावे, आणि वर्गणी थांबली की सर्वच थांबते. किंडल अनलिमिटेडमध्ये एका वेळी ठरावीक संख्येपर्यंतच पुस्तके खात्यावर ठेवता येतात. मर्यादा गाठल्यावर नवे घेण्यासाठी जुने परत करावे लागते. येथे क्रेडिटच नसल्यामुळे ‘शिल्लक पुढे जाते का’ हा प्रश्न उद्भवत नाही. महिनाभर एकही पुस्तक उघडले नाही, तर त्या महिन्याची वर्गणी कशाच्याही रूपात शिल्लक राहत नाही.

तिसरा प्रकार तासांचा आहे. स्पॉटिफायने २०२३ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील प्रीमियम ग्राहकांना दरमहा १५ तास ऑडिओबुके ऐकण्याची मुभा दिली. त्यातील न वापरलेले तास पुढच्या महिन्यात जात नाहीत. लांबलचक कादंबरी अर्ध्यावर असताना तास संपले, तर जादा तास विकत घ्यावे लागतात किंवा पुढच्या महिन्याची वाट पाहावी लागते. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे, कारण क्रेडिटच्या सेवेत पुस्तकाची लांबी आपल्या फायद्याची असते आणि तासांच्या सेवेत तीच तोट्याची ठरते.

माझ्या अ‍ॅपमधील सगळी पुस्तके एकाच ठिकाणी दिसतात. ती सर्व माझीच आहेत ना?

अ‍ॅपमध्ये ती एका रांगेत दिसतात, पण त्यांचा दर्जा एकसारखा नसतो. सदस्यत्व संपल्यावर काय उरेल, हे पुस्तक खात्यात कोणत्या वाटेने आले यावर ठरते. ऑडिबलसारख्या सेवेत या वाटा तीन आहेत. काही पुस्तके क्रेडिट देऊन घेतलेली असतात. काही रोख पैसे भरून घेतलेली असतात. उरलेली पुस्तके सदस्यत्वात समाविष्ट असलेल्या संग्रहातून ‘विनामूल्य’ म्हणून जोडलेली असतात. पहिल्या दोन प्रकारांतील पुस्तके सदस्यत्व बंद केल्यानंतरही खात्यात राहतात आणि ऐकता येतात. तिसऱ्या प्रकारातील पुस्तकांना त्याच दिवसापासून कुलूप लागते, मग ती फोनवर डाउनलोड केलेली का असेनात. सुरुवातीच्या विनामूल्य चाचणी महिन्यात मिळालेल्या क्रेडिटवर घेतलेले पुस्तकही पहिल्याच प्रकारात मोडते, म्हणजे चाचणी संपताच सदस्यत्व नाकारले तरी ते राहते.

आपल्याकडे कोणते पुस्तक कोणत्या प्रकारचे आहे, हे ओळखण्याची खात्रीशीर जागा म्हणजे संकेतस्थळावरील खात्यातील खरेदीचा इतिहास होय. ज्या पुस्तकासमोर ‘१ क्रेडिट’ किंवा रुपयांतील रक्कम दिसते ते टिकणार, आणि ज्याची अशी नोंदच नाही किंवा जिथे शून्य रुपये आहेत ते बहुधा सदस्यत्वाबरोबर जाणार, असे समजून चालावे. अ‍ॅपमधील ग्रंथसंग्रहाच्या पानावर हा भेद सहज नजरेत भरत नाही. ही मांडणी ग्राहकाच्या सोयीची आहे, असे मला वाटत नाही.

सदस्यत्व चालू असतानाच एखादे पुस्तक नाहीसे झाले. असे कसे होते?

समाविष्ट संग्रहातील पुस्तके सेवेच्या मालकीची नसतात. प्रकाशकाने ती ठरावीक मुदतीसाठी वापरू दिलेली असतात. मुदत संपली आणि नवा करार झाला नाही, की पुस्तक संग्रहातून निघते. मराठी ऑडिओबुकांच्या बाबतीत मूळ लेखक किंवा त्याचे वारस, छापील पुस्तकाचे प्रकाशक आणि ध्वनिमुद्रण करणारी संस्था, असे अनेक हक्कदार असू शकतात. त्यांपैकी एकाचा करार संपला तरी पुस्तक दिसेनासे होऊ शकते. अर्धवट ऐकलेले पुस्तक असे निघून गेले, तर त्याची भरपाई सहसा मिळत नाही, कारण आपण त्या एका पुस्तकाचे पैसे भरलेलेच नसतात. क्रेडिटवर घेतलेले पुस्तक विक्रीतून काढले गेले, तर नव्या ग्राहकांना ते मिळत नाही, मात्र आधी घेतलेल्यांच्या खात्यात ते सामान्यतः राहते.

न वापरलेली क्रेडिट पुढच्या महिन्यात जातात का?

बहुतेक क्रेडिट-सेवांमध्ये जातात, पण त्यांना दोन वेगवेगळ्या मर्यादा असू शकतात आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली मर्यादा मुदतीची असते. ऑडिबलच्या नियमांत क्रेडिट मिळाल्यापासून एक वर्ष चालते आणि त्यानंतर ते बाद होते. मुदत प्रत्येक क्रेडिटची स्वतंत्रपणे मोजली जाते. मार्चमध्ये मिळालेले क्रेडिट पुढच्या मार्चमध्ये संपते, एप्रिलमधले एप्रिलमध्ये. त्यामुळे आपल्याकडे पाच क्रेडिट आहेत एवढेच पाहून भागत नाही. त्यांतले सर्वांत जुने कोणत्या तारखेला संपते, हे खात्याच्या तपशिलात पाहावे लागते.

दुसरी मर्यादा साठ्याची असते. काही योजनांमध्ये पुढे नेता येणाऱ्या क्रेडिटची कमाल संख्या ठरलेली असते. महिन्याला एक क्रेडिट देणाऱ्या योजनेसाठी सहा, ही ऑडिबलच्या नियमांत दीर्घकाळ दिसलेली संख्या आहे. साठा भरलेला असेल, तर नवा हप्ता कापला जातो, पण खात्यावरील संख्या वाढत नाही. ही मर्यादा मुदतीपेक्षा अधिक फसवी आहे. क्रेडिट बाद होण्याची तारीख निदान कुठेतरी लिहिलेली असते, पण साठा भरल्यामुळे जमाच न झालेल्या क्रेडिटची खूण बँकेच्या खातेउताऱ्याखेरीज कुठेही दिसत नाही. सलग दोन महिने हप्ता गेला आणि क्रेडिटची संख्या होती तेवढीच राहिली, तर साठा भरला आहे असे समजावे.

याला अपवाद करणाऱ्या सेवाही आहेत. अमेरिकेतील स्थानिक पुस्तकदुकानांना विक्रीतील वाटा देणारी लिब्रो डॉट एफएम ही सेवा क्रेडिटला मुदतच लावत नाही, आणि सदस्यत्व बंद केल्यावरही उरलेली क्रेडिट वापरू देते. त्यावरून एवढे स्पष्ट होते की क्रेडिट बाद होणे ही तांत्रिक गरज नसून तो एक व्यावसायिक निर्णय आहे.

सदस्यत्व रद्द केले तर शिल्लक क्रेडिटचे काय होते?

ऑडिबलमध्ये ती जातात. या पानावरील सर्वांत खर्चिक प्रश्न हाच असल्यामुळे त्याचे उत्तर एका हिशेबासह पाहू.

समजा, पुण्यातील एक वाचक जानेवारीत १९९ रुपयांच्या सदस्यत्वावर आले. जानेवारी ते सप्टेंबर असे नऊ हप्ते कापले गेले, म्हणजे एकूण १,७९१ रुपये गेले. या काळात त्यांनी चार पुस्तके क्रेडिटवर घेतली आणि शिवाय समाविष्ट संग्रहातील सहा-सात पुस्तके जोडून ठेवली. खात्यावर पाच क्रेडिट शिल्लक आहेत. ऐकणे होत नाही म्हणून त्यांनी सदस्यत्व रद्द केले. त्या क्षणी पाच क्रेडिट, म्हणजे ९९५ रुपयांची आगाऊ खरेदी संपली. संग्रहातील सहा-सात पुस्तके बंद झाली. हाती चार पुस्तके राहिली, आणि त्यांतील प्रत्येकाची खरी किंमत १९९ रुपये नव्हे तर सुमारे ४४८ रुपये पडली.

याच वाचकाने रद्द करण्याआधी अर्धा तास खर्चून पाच पुस्तके निवडली असती, तर नऊ पुस्तके प्रत्येकी १९९ रुपयांना पडली असती. ती ऐकायला वेळ नसणे ही अडचण नव्हती, कारण क्रेडिटवर घेतलेली पुस्तके सदस्यत्वाशिवायही पुढे केव्हाही ऐकता येतात. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी शिल्लक क्रेडिट शून्यावर आणावी, घेतलेली पुस्तके खरेदीच्या इतिहासात नोंदली गेल्याची खात्री करावी, आणि मगच रद्द करण्याच्या पानावर जावे. काही सेवा रद्द केल्यानंतरही चालू हप्त्याचा महिना संपेपर्यंत क्रेडिट वापरू देतात, पण तेवढ्या सवलतीवर विसंबण्याचे कारण नाही.

आणि याच वाचकाने रद्द न करता, काहीही न घेता आणखी दोन महिने जाऊ दिले असते तर? ऑक्टोबरमध्ये शिल्लक सहा झाली असती. सहाचीच कमाल मर्यादा असलेल्या योजनेत नोव्हेंबरचा हप्ता गेला असता आणि शिल्लक सहाच राहिली असती. क्रेडिट सामान्यतः जुन्यापासून वापरली जातात. म्हणजे जानेवारी ते एप्रिलमधील चार संपली असून मे महिन्यातले सर्वांत जुने ठरते. एक वर्षाच्या नियमाने ते पुढच्या मे महिन्यात बाद झाले असते.

काही ठिकाणी रद्द करण्याऐवजी सदस्यत्व काही काळ थांबवून ठेवण्याचा पर्याय दिसतो. त्या काळात हप्ता जात नाही. परंतु क्रेडिटची मुदत त्या काळातही मोजली जाते का, हे त्या पर्यायाच्या अटींत वाचल्याशिवाय तो निवडू नये.

क्रेडिट कोणत्या पुस्तकावर वापरावे आणि रोख पैसे केव्हा भरावेत?

क्रेडिटची किंमत आपल्या हप्त्याएवढी आहे, असे धरून प्रत्येक पुस्तकाची रोख किंमत तिच्याशी ताडून पाहावी. पुस्तक ९९ रुपयांना मिळत असेल, तर त्यावर १९९ रुपयांचे क्रेडिट खर्च करणे म्हणजे शंभर रुपये सोडून देणे होय, आणि अ‍ॅपमधील खरेदीचे बटण याची सूचना नेहमीच देईल असे नाही. मराठीत ही चूक अधिक सहज होते, कारण कथासंग्रह आणि छोटेखानी पुस्तकांची ध्वनिमुद्रणे लहान व स्वस्त असतात, तर क्रेडिटचा खरा लाभ जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या, चरित्रे आणि इंग्रजीतील महाग पुस्तकांवर मिळतो. निवडलेले पुस्तक समाविष्ट संग्रहात आधीपासूनच आहे का, हेही पाहावे. असल्यास क्रेडिट खर्च करण्याचे कारण एकच उरते : सदस्यत्व संपल्यानंतरही ते आपल्याला हवे आहे.

शिल्लक क्रेडिटचे पैसे परत मिळतात का?

रोख स्वरूपात सामान्यतः मिळत नाहीत. क्रेडिट हे पैसे नाहीत, ते दुसऱ्याला विकता येत नाही आणि त्याला रोख मूल्य नाही, असे सेवांच्या अटींत लिहिलेले असते. ग्राहकसेवेशी बोलल्यावर कधी कधी नुकताच गेलेला आणि मुळीच न वापरलेला हप्ता परत मिळतो, पण ती सवलत असते, त्यावर हक्क सांगता येत नाही.

मात्र तक्रार क्रेडिटविषयी नसून रद्द करू न देण्याविषयी असेल, तर बाजू वेगळी पडते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीला आळा घालण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत वर्गणीचा सापळा हा प्रकार नावानिशी नोंदवला आहे. रद्द करण्याचा पर्याय लपवणे, ती प्रक्रिया विनाकारण लांब किंवा गुंतागुंतीची करणे, विनामूल्य चाचणीसाठीदेखील पैसे आपोआप कापण्याची परवानगी सक्तीने घेणे, यांचा त्यात समावेश होतो. अशी तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. रद्द करण्याच्या प्रत्येक पानाचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवले, तर म्हणणे मांडणे सोपे जाते.

अ‍ॅप काढून टाकले, तरी हप्ता का कापला जातो?

अ‍ॅप हे केवळ ऐकण्याचे साधन आहे आणि वर्गणीचा करार खात्याशी बांधलेला असतो. सदस्यत्व ज्या ठिकाणाहून घेतले तिथूनच ते रद्द करावे लागते. संकेतस्थळावरून घेतले असल्यास संकेतस्थळावर, आयफोनच्या अ‍ॅपमधून घेतले असल्यास अ‍ॅपलच्या वर्गणीच्या यादीत, अँड्रॉइडवरून घेतले असल्यास गुगल प्लेच्या यादीत.

उलट बाजूचीही एक अडचण आहे. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती हप्त्यांविषयीचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून काटेकोरपणे लागू झाले. तेव्हापासून कार्डावरील हप्ता कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने ग्राहकाला सूचना द्यावी लागते आणि ग्राहकाला तो हप्ता थांबवता येतो. ही सोय चांगलीच आहे, परंतु बँकेकडून किंवा यूपीआय अ‍ॅपमधून ऑटोपे बंद करणे म्हणजे सदस्यत्व रीतसर रद्द करणे नव्हे. हप्ता फसला की सेवा काही दिवस पुन्हा प्रयत्न करते आणि शेवटी सदस्यत्व बंद करते, आणि शिल्लक क्रेडिट ग्राहकाच्या नकळत त्याच वेळी जाऊ शकतात. कार्डाची मुदत संपत असेल किंवा कार्ड बदलले असेल, तर आधी क्रेडिट वापरून घ्यावीत.

पुस्तक आवडले नाही. ते परत करून क्रेडिट परत घेता येते का?

किंडलवर चुकून घेतलेले ई-बुक परत करण्यासाठी सात दिवसांची मुदत असते, मात्र बरेचसे वाचून झालेले पुस्तक नाकारले जाऊ शकते. ऑडिबलने अनेक वर्षे बरीच उदार अदलाबदल दिली होती, आणि तिची जाहिरातही अशी केली की ऐकून झालेले पुस्तक परत करून दुसरे घेणे हा जणू सदस्यत्वाचाच भाग वाटावा. प्रत्येक परतीबरोबर लेखकाचे मानधन वजा होत होते. २०२० च्या अखेरीस स्वतंत्र लेखकांनी त्यावर मोठा आवाज उठवला, आणि १ जानेवारी २०२१ पासून खरेदीनंतर सात दिवसांहून उशिरा परत आलेल्या पुस्तकाचे मानधन लेखकाकडून वजा न करण्याचे कंपनीने मान्य केले. ग्राहकाने एवढे लक्षात ठेवावे की ही सोय वाचनालयासारखी वापरल्यास खात्यावरील परतीचे बटण बंद केले जाते. निवेदकाचा आवाज पटतो की नाही, हे क्रेडिट देण्याआधी नमुना ऐकूनच ठरवलेले बरे. मराठीत सदोष उच्चार पाच मिनिटांत कळतात.

‘खरेदी करा’ असे बटण दाबून घेतलेल्या ई-बुकचा मालक कोण?

छापील पुस्तक घेताना आपण प्रत विकत घेतो. ई-बुक किंवा ऑडिओबुक घेताना आपल्याला ती फाइल ठरावीक अटींवर वाचण्याचा वा ऐकण्याचा परवाना मिळतो. किंडलच्या अटींत तर हे स्पष्टच लिहिलेले आहे की मजकूर ग्राहकाला विकला जात नसून त्याचा परवाना दिला जातो. क्रेडिटने घेतलेले पुस्तक ‘कायम आपले’ असते, याचा अर्थ सदस्यत्व संपल्यावरही परवाना चालू राहतो, एवढाच आहे. तो परवाना कंपनीच्या सर्व्हरवर, आपल्या खात्यावर आणि कंपनीच्या अटींवर अवलंबून राहतो.

हा भेद केवळ कागदावरचा नाही. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेतील ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या प्रती दुरून पुसून टाकल्या, कारण त्या आवृत्त्या टाकणाऱ्या प्रकाशकाकडे तिथले हक्कच नव्हते. ग्राहकांना पैसे परत मिळाले. एका विद्यार्थ्याने मात्र दावा लावला, कारण पुस्तक गेल्यावर त्याने अभ्यासासाठी केलेली टिपणे निरर्थक झाली होती. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली आणि तडजोडीत काही मोजके अपवाद वगळता अमेरिकेत असे दुरून न पुसण्याचे मान्य केले. पुसलेल्या पुस्तकांपैकी एक ‘१९८४’ होते, हा योगायोग त्या वेळी सगळ्यांनीच टिपला.

दुसरे उदाहरण दुकानच बंद होण्याचे आहे. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१९ मध्ये आपले ई-बुक दुकान बंद केले, आणि त्या वर्षीच्या जुलैपासून तिथे घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. परवाना तपासणारा सर्व्हर गेला की पुस्तक गेले. कंपनीने पूर्ण पैसे परत केले आणि पुस्तकांत टिपणे केलेल्यांना २५ डॉलर जादा दिले. कंपनी सधन होती म्हणून हे जमले. लहान सेवा बंद पडल्यावर अशी परतफेड मिळेलच असे नाही.

कॅलिफोर्निया राज्याने केलेल्या आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने आता विक्रेत्यांवर बंधन आले आहे : जिथे केवळ परवाना मिळतो तिथे ग्राहकाला ते स्पष्ट न सांगता ‘खरेदी’ हा शब्द वापरता येत नाही. इंटरनेटपासून स्वतंत्र राहणारी, कायम उघडता येणारी फाइल डाउनलोड करू देणाऱ्या विक्रीला त्यातून सूट आहे. ही सूटच खऱ्या मालकीची सर्वांत व्यवहार्य कसोटी आहे, असे माझे मत आहे.

छापील पुस्तक अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या दुकानात देता येते. ई-बुक का विकता येत नाही?

भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे साहित्यकृतीच्या प्रती लोकांपर्यंत आणण्याचा हक्क हक्कधारकाचा आहे, पण एकदा वितरणात आलेल्या प्रती त्यातून वगळल्या आहेत. म्हणून वाचून झालेले पुस्तक विकायला लेखकाची किंवा प्रकाशकाची परवानगी लागत नाही. फाइल दुसऱ्याला देताना मात्र तीच प्रत हात बदलत नाही. समोरच्याच्या साधनावर नवी प्रत तयार होते, आणि प्रत तयार करण्याचा हक्क, त्यात इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणेही आले, हक्कधारकाकडे राखून ठेवलेला आहे.

परदेशी न्यायालये याच निष्कर्षावर आली आहेत. अमेरिकेत डिजिटल संगीताच्या पुनर्विक्रीचा मुद्दा डिसेंबर २०१८ मध्ये अपील न्यायालयाने विक्रेत्याच्या विरोधात निकाली काढला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये टॉम कॅबिनेट या डच कंपनीच्या प्रकरणात ठरवले की जुनी ई-बुके पुन्हा विकण्याला हक्कधारकाची परवानगी लागते. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ हेही लक्षात ठेवावे : हक्कभंगाच्या हेतूने फाइलवरील तांत्रिक कुलूप तोडणे हा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद असलेला गुन्हा आहे.

पुस्तक डाउनलोड करून ठेवले, म्हणजे ते सुरक्षित झाले का?

फाइलला कुलूप आहे की नाही, यावर ते अवलंबून आहे. ऑडिबलच्या अ‍ॅपमधील फाइल तिच्या खास स्वरूपात असते आणि अधिकृत खात्यात प्रवेश केलेल्या अ‍ॅपखेरीज ती वाजत नाही. फोनवर डाउनलोड केलेली प्रत प्रवासात रेंज नसताना उपयोगी पडते, पण कंपनीशी झालेला दुवा तुटल्यानंतर नाही. किंडलची ई-बुके संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून केबलने वाचकयंत्रात घालण्याची सोय अ‍ॅमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली, त्यामुळे स्वतःजवळ प्रत ठेवण्याची एक वाट आणखी अरुंद झाली.

ओळखण्याची साधी कसोटी अशी आहे : घेतलेली फाइल संगणकावर उतरवावी, इंटरनेट बंद करावे आणि ती कोणत्याही साध्या प्लेअरमध्ये किंवा वाचकात उघडून पाहावी. `.mp3` फाइल वाजली किंवा `.epub` फाइल उघडली, तर ती दुकानाशिवायही जगेल. लिब्रो डॉट एफएम अशा कुलूप नसलेल्या ध्वनिफाइली देते. ई साहित्य प्रतिष्ठानची विनामूल्य मराठी पुस्तके पीडीएफ स्वरूपात येतात आणि तीही कोणत्याही खात्याविना उघडतात. कुलूप नाही म्हणून वाटप करण्याची मुभा आहे, असा मात्र त्याचा अर्थ होत नाही. लेखकाने किंवा प्रकाशकाने दिलेली परवानगी तेवढीच राहते.

नोकरीसाठी परदेशी जात आहे. खाते आणि क्रेडिट बरोबर येतील का?

पुस्तकांचे हक्क देशागणिक विकले जातात, त्यामुळे एकाच कंपनीची भारतीय आणि अमेरिकी दुकाने वेगळी असतात. एका देशातील सदस्यत्वाची क्रेडिट दुसऱ्या देशाच्या दुकानात चालतील असे धरू नये. जाण्याआधी भारतीय खात्यावरील क्रेडिट वापरून टाकावीत, मग सदस्यत्व रद्द करावे आणि तिकडे गेल्यावर गरज वाटल्यास नवे घ्यावे. मराठी पुस्तके हवी असतील, तर नव्या देशाच्या दुकानात ती मिळतात का, हे आधी शोधून पाहावे. येथे सहज मिळणारे पुस्तक तिकडच्या यादीत नसण्याची शक्यता बरीच असते.

माझ्यानंतर हा संग्रह मुलांना देता येईल का?

छापील पुस्तके मृत्युपत्राने देता येतात, कारण ती मालमत्ता आहे. किंडलसारख्या सेवांचा परवाना वैयक्तिक आणि हस्तांतरित न होणारा असतो, त्यामुळे तो खातेधारकाच्या नावावरच राहतो. पुढच्या पिढीसाठी जी पुस्तके ठेवायची असतील, ती कागदावर किंवा कुलूप नसलेल्या फाइलच्या रूपात घ्यावीत. एकदाच ऐकायच्या पुस्तकांसाठी क्रेडिट पुरते.